गणवेशाचा नियम आणि भंडारदऱ्याचा पाऊस

हॉटेलातल्या गणवेशाच्या आणि नीटनेटकेपणाच्या नियमावलीत बहुधा तीन निरनिराळ्या जातीचे नियम एकाच यादीत बसवलेले असतात. काही नियम अन्नाच्या सुरक्षिततेसाठी असतात: नखे कापलेली असावीत, केस झाकलेले असावेत, हातात अंगठी नसावी. काही काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी असतात: बंद बूट हवेत, ओढणी मोकळी लोंबू नये. आणि काही निव्वळ हॉटेलच्या रूपासाठी असतात, जसा शर्टाचा रंग, नावाची पट्टी किंवा दाढीची ठेवण. पहिल्या दोन प्रकारांत तडजोडीला फारशी जागा नाही. तिसऱ्यात ती भरपूर आहे. पण यादीत ‘नखे वाढवू नयेत’ आणि ‘दाढी रोज करावी’ ही वाक्ये एकाखाली एक येतात, दोन्हींपुढे सारखाच दंड लिहिलेला असतो, आणि वाचणाऱ्याची समजूत होते की हे सगळे साहेबांच्या मर्जीचे आहे. नियम शिक्षेसारखा वाटू लागतो तो इथे. म्हणून नियमावली लिहिणाऱ्याचे पहिले काम म्हणजे प्रत्येक नियम या तिन्हींपैकी कुठल्या खणात बसतो ते ठरवणे आणि त्याचे कारण त्याच वाक्यात सांगणे.

दुसरे काम अधिक अवघड आहे. नियम पाळण्याजोगी व्यवस्था हॉटेलने केली आहे का, हे तपासणे. हे काम शहरात नजरेआड होते, कारण तिथे कोपऱ्यावर इस्त्रीवाला असतो आणि कपडे दिवसात वाळतात. भंडारदऱ्यात ते डोळ्यांत भरते. अकोले तालुक्यातले हे ठिकाण सह्याद्रीच्या ऐन माथ्याशी आहे. प्रवरेवरचे विल्सन धरण, मागचा आर्थर जलाशय, रंधा धबधबा, उशाशी कळसूबाई. जलाशयाच्या वरच्या अंगाला घाटघर आणि रतनवाडीच्या पट्ट्यात काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. पर्यटकांची गर्दीही नेमकी त्याच दिवसांत. मे महिन्याच्या अखेरीस काजवे चमकू लागतात आणि गाड्यांची रीघ लागते, ती धबधबे आटेपर्यंत कमीअधिक चालू राहते. इथल्या हॉटेलांत आणि रिसॉर्टांत राबणारे पुष्कळ लोक शेंडी आणि आसपासच्या गावांतले, महादेव कोळी आणि ठाकर समाजांतले आहेत. घरी भातशेती, पावसाळ्यात आवणी. अशा ठिकाणी मुंबईच्या एखाद्या हॉटेलची नियमावली जशीच्या तशी उचलून भिंतीवर लावली, तर ती जुलैत मोडणार हे आधीच सांगता येते.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करणे बरे, कारण तिथे नियम सर्वांत कडक आहेत आणि त्यांची कारणे सर्वांत स्वच्छ. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आणि त्याखालील परवाना व नोंदणीचे विनियम २०११ चे. या विनियमांच्या चौथ्या परिशिष्टात अन्न हाताळणाऱ्यांची वैयक्तिक स्वच्छता सांगितली आहे: नखे कापलेली व स्वच्छ, काम सुरू करण्यापूर्वी आणि शौचालयाहून आल्यावर साबणाने हात धुणे, स्वच्छ पोशाख, डोक्यावर आवरण, दागिने व नखांना रंग नाही, कापले-भाजले असेल तर जखम झाकलेली, आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. यातला एकही नियम शोभेचा नाही. नखाखाली जो मळ राहतो त्यात आतड्याच्या रोगांचे जंतू तग धरतात, आणि कणीक मळताना किंवा कोशिंबीर कालवताना ते थेट अन्नात उतरतात. अंगठीखालची कातडी साबणाने नीट धुतली जात नाही. नखांचा रंग टवके होऊन सुटतो. जखमेवर लावायची पट्टी व्यावसायिक स्वयंपाकघरात निळ्या रंगाची ठेवतात, ती निळ्या रंगाचे अन्न जवळपास नसतेच म्हणून. पट्टी सुटून पडली तर पांढऱ्या भातातही चटकन दिसते.

आचाऱ्याच्या पोशाखामागेही असेच हिशेब आहेत. दुहेरी छातीचा पांढरा कोट डावीकडून किंवा उजवीकडून, कसाही बंद करता येतो. आमटीचा डाग पडला तर ती बाजू आत घ्यायची आणि स्वच्छ बाजू वर. छातीवर कापडाचे दोन थर आल्याने उकळत्या तेलाचा शिंतोडा अंगापर्यंत पोचायला वेळ लागतो. पोशाख सुती असावा हा आग्रह मात्र सर्वांत महत्त्वाचा. पॉलिएस्टर आगीजवळ वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. सुती कापड पेटले तरी चिकटत नाही. हे एकदा समजावून सांगितले की ‘माझा टेरीकॉटचा शर्ट घातला तर काय झाले’ हा प्रश्न पुन्हा येत नाही. ‘साहेबांनी सांगितले म्हणून’ असे उत्तर दिले तर दर आठवड्याला येतो.

आता कपड्यांचा हिशेब. शेंडीच्या बाजूला वीस खोल्यांचे एक रिसॉर्ट आहे असे समजू. जेवणघरात वाढपाचे काम पाच जण करतात. नियम असा की रोज धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट घालून यायचे. हॉटेलने प्रत्येकाला दोन शर्ट दिले आहेत. एप्रिलमध्ये हे चालते: सोमवारी घातलेला शर्ट मंगळवारी सकाळी धुतला, दुपारपर्यंत कडकडीत वाळला, संध्याकाळी इस्त्री झाली, बुधवारी पुन्हा अंगावर. दोन शर्टांत काम भागते, जरी एक बटण तुटले किंवा रश्श्याचा डाग बसला की पंचाईत होते.

जुलैत काय होते ते पाहू. सोमवारचा शर्ट मंगळवारी धुतला. बाहेर वाळत घालायची सोय नाही, म्हणून तो आत दोरीवर. हवाच इतकी दमट की बुधवारी दिवसभर तो ओलसरच राहतो. गुरुवारी पंख्याखाली धरून, इस्त्रीने उरलेली ओल काढून तो तयार होतो आणि शुक्रवारी घालता येतो. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार अशा चार दिवसांसाठी चार शर्ट लागतात. दोनच शर्ट असलेला माणूस बुधवारी एक तर ओलसर शर्ट घालतो, नाहीतर सोमवारचा न धुतलेला. दोन्ही वेळा त्याच्याकडून नियम मोडतो, आणि दोन्ही वेळा दोष त्याचा नसतो. पाच जणांसाठी दहा शर्ट कमी शिवले, एवढेच या सगळ्याचे मूळ. नियमावलीत म्हणून ‘रोज स्वच्छ शर्ट’ या वाक्याआधी दुसरे वाक्य हवे: पावसाळ्यात प्रत्येकाला चार जोड मिळतील, उरलेल्या काळात तीन.

कपडे वाळवण्याचे यंत्र आणले तर जोड कमी लागतील, हे खरे. पण पावसात वीज जाते, आणि इन्व्हर्टरवर असे यंत्र चालत नाही. कपडे घोटीला किंवा नाशिकला धुवायला पाठवले, तर येण्याजाण्याचे दिवस हिशेबात धरावे लागतात, आणि जोड वाढतातच. एखादी लहान बंद खोली, त्यात दोऱ्या, खाली दोन पंखे आणि दमट हवा बाहेर टाकणारा एक पंखा, ही साधी सोय बहुतेक वेळा सर्वांत टिकाऊ ठरते. दोरीवरच्या कपड्यांत वीतभर अंतर हवे. खेटून घातलेले शर्ट कडेने वाळतात आणि काखेत ओले राहतात.

काखेतली ही ओल पुढच्या एका नाजूक तक्रारीचे कारण असते. ओलसर राहिलेल्या कापडात जिवाणू वाढतात आणि कुबट वास धरतो. इस्त्रीनंतर तो वास दबतो. सकाळी शर्ट ठीक वाटतो, माणूस दोन तास पळापळ करतो, घामाने कापड पुन्हा भिजते आणि वास वर येतो. पर्यवेक्षकाला वाटते की हा अंघोळ करून आला नाही. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच पाळीतल्या तीन-चार जणांच्या कपड्यांना एकाच आठवड्यात वास येऊ लागला, तर गडबड धुलाईत आहे, माणसांत नाही. तोच माणूस एप्रिलमध्ये ठीक होता आणि जुलैत नाही, तरीही तेच. उपायही धुलाईतच: कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात भिजवणे, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणे आणि वाळवण लवकर उरकणे. वाढप्यांच्या शर्टाला टेरीकॉट बरे की सुती, हा प्रश्न इथे येतो. टेरीकॉट लवकर वाळते, चुरगळत नाही. पण पॉलिएस्टर घामाचा वास सुतीपेक्षा घट्ट धरून ठेवते. जेवणघरात आग नाही, त्यामुळे मिश्र कापड चालते. स्वयंपाकघरात ते नको, हे वर आलेच आहे.

पायांची गोष्ट कपड्यांहून कठीण. बंद, न घसरणारे बूट ही स्वयंपाकघरातली आणि धुण्याच्या जागेतली अट सोडता येत नाही. ओल्या फरशीवर हातात गरम भांडे असताना चपलेवर माणूस घसरला तर काय होते ते सांगायला नको. पण गावातून कामावर येणारा माणूस चिखलातून येतो. तेच बूट घालून तो आला तर बूट, मोजे आणि पाय दिवसभर भिजलेले राहतात. आठवड्याभरात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते, मग बूट घालणेच नकोसे होते. आणि मग तो चपलेवर दिसतो. नियमावली तिथे ‘चप्पल घालू नये’ एवढेच म्हणत असेल तर ती निरुपयोगी आहे. पाळता येईल असा नियम असा असतो: कामाचे बूट हॉटेलातच राहतील, येताना चप्पल, गमबूट काहीही चालेल, आल्यावर पाय धुऊन, पुसून, कोरडे मोजे घालायचे, पावसाळ्यात दुसरी मोज्यांची जोडी जेवणाच्या सुटीत बदलायची. यासाठी लागते काय, तर कर्मचाऱ्यांच्या दाराशी एक नळ, बसायला बाकडे, बुटांचे कप्पे आणि रोज धुतलेले टॉवेल. चिखल्यांवरची पावडर प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवली तर ती मागायला कुणाला संकोच वाटत नाही.

आवणीच्या दिवसांत हातांचेही असेच होते. पहाटे खाचरात रोपे लावून दुपारच्या पाळीला आलेल्या बाईच्या किंवा माणसाच्या नखांच्या कडांना चिखलाचा काळपटपणा राहतो, बोटांच्या टोकांना चिरा पडतात. हा अस्वच्छपणा नव्हे. डाग कातडीत मुरलेला असतो. पण जेवण वाढताना पाहुण्याला ते कळत नाही, आणि चिरलेल्या कातडीत जंतू राहतात हेही खोटे नाही. इथे दोन्ही बाजूंचा विचार करून वाट काढता येते. हात धुण्याच्या जागी नखांचा मऊ ब्रश असावा. चिरा खोल असतील तर त्या दिवशी त्या व्यक्तीला उघडे अन्न हाताळण्याऐवजी दुसरे काम द्यावे, पगार तोच. आणि आवणीची रजा आधीच पाळीपत्रकात धरावी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अर्धी माणसे शेतावर जाणार हे इथे सगळ्यांना ठाऊक असते. कागदावर तेवढे उतरायचे राहते.

रूपाविषयीच्या नियमांत रीतिरिवाजांशी गाठ पडते, आणि तिथे घाई करणे सर्वांत महागात पडते. श्रावणात दाढी न करणारे पुष्कळ असतात. घरात कुणी गेले तर मुंडन होते. नवरात्रात काही जण अनवाणी राहतात. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि ती तो उतरवत नाही. विवाहित बाईचे मंगळसूत्र, बांगड्या, कपाळावरची टिकली हे तिच्या दृष्टीने दागिने नसतात. यातले काय चालवायचे आणि काय नाही हे वर सांगितलेल्या तीन खणांवरून ठरवता येते. श्रावणातली दाढी स्वागतकक्षात किंवा जेवणघरात केवळ रूपाचा प्रश्न आहे. ती विंचरलेली, मानेवर रेषा नीट काढलेली असावी, एवढे पुरते. स्वयंपाकघरात ती अन्नाचा प्रश्न होते, म्हणून दाढीवर जाळी घालायची, जशी डोक्यावर टोपी असते. मुंडनाला कसली अडचण नाहीच. तुळशीची माळ आणि मंगळसूत्र गळाबंद सदऱ्याच्या आत राहू शकतात. काचेच्या बांगड्या मात्र स्वयंपाकघरात चालत नाहीत, कारण काच फुटून जेवणात जाऊ शकते. ज्या बाईला त्या उतरवायच्या नसतील तिला खोल्यांचे किंवा स्वागताचे काम देणे हा मार्ग सभ्य आहे. चिकटवायची टिकली घामाने सुटते आणि पातेल्यात पडते. ओल्या कुंकवाला ती भीती नाही. नवरात्रातले अनवाणी पाय स्वयंपाकघरात आणि धुलाईत चालत नाहीत, तिथे नऊ दिवसांपुरते काम बदलून घ्यावे. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी आगाऊ सांगण्याची रीत ठेवली की सणाच्या आदल्या संध्याकाळी वाद होत नाहीत.

एक उदाहरण विशेष इथले आहे. शहरी हॉटेलांच्या नियमावलीत ‘दिसणारे टॅटू नसावेत’ असे कलम असते. ते शब्दशः लावले तर आदिवासी घरातली वयस्क बाई, जिच्या कपाळावर किंवा मनगटावर लहानपणी गोंदलेले आहे, नोकरीला अपात्र ठरते. गोंदणाने ना अन्नाला धोका, ना कामाला. तिच्या हातचे नाचणीचे किंवा तांदळाचे जेवण खायला पाहुणे येतात आणि तिच्या हातावरचे गोंदण मात्र झाकायचे, यात काही अर्थ नाही. असे कलम सरळ काढून टाकावे.

बायकांच्या गणवेशाबद्दल निर्णय वरून येऊ नये. खोल्या आवरणाऱ्या बाईला दिवसभर वाकावे लागते, पलंगाची गादी उचलावी लागते, बादली घेऊन जिने चढावे लागतात. साडीत ते शक्य आहे, कित्येकींना तीच सोयीची वाटते; पण पदर खोचण्याची, निऱ्या ओल्या फरशीला न लागण्याची व्यवस्था हवी. सलवार-कुडता असेल तर ओढणी नको किंवा पिनांनी बसवलेली हवी. कुठल्याही पोशाखाला खिसा हवा, कारण किल्ल्या आणि मोबाइल ठेवायला जागा नसेल तर ते कमरेला खोचले जातात. गरोदरपणासाठी सैल जोड वेगळा शिवावा आणि तो मागायला लागू नये. मापे शिंप्याने घ्यावीत आणि बायकांची मापे बाईने. कपडा घट्ट बसतो की सैल, यावर पर्यवेक्षकाने चारचौघांत शेरा मारणे हे नुसते असभ्यपणाचे नाही. असा शेरा लैंगिक अर्थाचा असेल तर तो कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली येतो.

पाळी सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांची पाहणी करण्याची पद्धत बहुतेक हॉटेलांत आहे आणि ती चांगली आहे, फक्त ती कशी होते यावर सगळे अवलंबून असते. कर्मचाऱ्यांच्या दाराशी एक पूर्ण उंचीचा आरसा लावला आणि त्याशेजारी सात-आठ ओळींचा कागद चिकटवला, तर निम्मी पाहणी माणूस स्वतःच करतो. उरलेल्या निम्म्यासाठी पर्यवेक्षक उभा राहतो, पण आधी तो स्वतः आरशासमोर. हात पुढे करायला सांगून नखे पाहायची, हाताला हात लावायचा नाही. जागा पाहुण्यांच्या नजरेबाहेरची. आरशाखाली एक डबा: नेलकटर, एकदाच वापरायचे रेझर, सुई-दोरा, बटणे, केसांच्या पिना, जाळ्या, बुटांचे पॉलिश. शेजारी वेगवेगळ्या मापांचे चार-पाच तयार शर्ट. ज्या चुका या डब्याने मिटतात त्या वहीत लिहायच्या नाहीत, हा नियम पर्यवेक्षकाला आधी शिकवावा लागतो. तुटलेल्या बटणाची नोंद करण्यापेक्षा ते शिवून देणे कमी वेळाचे असते.

जे डब्याने मिटत नाही ते बोलून मिटवायचे. सर्वांत अवघड संभाषण अंगाच्या वासाचे. ते पाळी संपल्यावर, बाजूला नेऊन, शक्यतो बाईशी बाईने आणि पुरुषाशी पुरुषाने करायचे. आणि ते वयाने मोठ्या माणसाशी जसे बोलतात तसेच करायचे. उदाहरणार्थ, वाढपाचा प्रमुख आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याला म्हणतो: “दादा, एक सांगायचं होतं, राग मानू नका. दोन दिवस तुमच्या शर्टाला वास येतोय. धुलाईतच काही राहतंय का, ते मी बघतो. तोवर कपाटातले हे दोन शर्ट घ्या. आणि पाळीच्या मध्ये बदलायचा असला तर बदला, मला विचारायची गरज नाही.” यात दोष कुणाचा हे ठरवलेले नाही, उपाय हातात दिलेला आहे आणि बोलणे दोन मिनिटांत संपते. तरीही तक्रार राहिली तर आजार असू शकतो, औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरकडे जायला सुटी द्यावी. त्याच्या लॉकरवर डिओडरंटची बाटली ठेवून जाणे, किंवा सगळ्यांसमोर ‘काहींनी अंघोळ करून यावे’ असे जाहीर करणे, या दोन्ही प्रकारांनी ज्याला सांगायचे त्याला पोचत नाही आणि बाकीचे एकमेकांकडे पाहू लागतात. अत्तराने वास झाकण्याचाही उपयोग नाही. वाढणाऱ्याच्या अंगाला उग्र सुगंध असेल तर जेवणाचा वास मारला जातो, म्हणून जेवणघरात अत्तर सौम्यच हवे.

एवढे करूनही कुणी जाणूनबुजून नियम पाळत नसेल, तर लेखी सूचना, आणि मग शिस्तभंगाची रीतसर कारवाई. दंडाचा मार्ग मात्र वाटतो तेवढा मोकळा नाही, हे छोट्या हॉटेलमालकांना सहसा ठाऊक नसते. वेतन प्रदान कायदा १९३६ ने घातलेल्या आणि वेतन संहिता २०१९ मध्ये कायम राहिलेल्या अटी अशा की, कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल त्याची यादी सक्षम अधिकाऱ्याने आधी मंजूर केलेली आणि सगळ्यांना दिसेल अशी लावलेली हवी. दंडापूर्वी त्या व्यक्तीला आपली बाजू मांडू द्यावी लागते. एका वेतनकाळातला एकूण दंड त्या काळाच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपुढे जाता कामा नये. तो नव्वद दिवसांनंतर वसूल करता येत नाही. आणि जमा झालेली रक्कम कर्मचाऱ्यांच्याच हितासाठी खर्चावी लागते. बारा हजार रुपये वेतन असलेल्या माणसाला महिन्याभरात सगळे दंड मिळून ३६० रुपयांहून अधिक लावता येत नाही. ‘दाढी केली नसेल तर दर वेळी शंभर’ ही पाटी महिन्यात चौथ्यांदा लागू केली की मर्यादा ओलांडते, आणि यादी मंजूर नसेल तर पहिल्याच वेळी बेकायदा ठरते. हरवलेल्या गणवेशाची भरपाईही नुकसानीच्या किमतीपुरतीच आणि हयगय दिसून आली तरच घेता येते.

शेवटी प्रत्यक्ष शब्द. जुन्या पद्धतीच्या नियमावलीतली तीन वाक्ये अशी असू शकतात: “मळका अथवा चुरगळलेला गणवेश घातल्यास पगारातून कपात होईल. दाढी वाढवून येणाऱ्यास कामावर घेतले जाणार नाही. दागिने घालण्यास सक्त मनाई आहे.” तिन्ही वाक्यांत कारण नाही, व्यवस्था नाही, आणि वाचणारा गुन्हेगार आहे असे गृहीत धरलेले आहे. तोच मजकूर असा लिहिता येतो: “रोज धुतलेला गणवेश घालावा. तीन जोड हॉटेल देते, जून ते सप्टेंबर चार. धुलाई आणि इस्त्री हॉटेलकडे. वापरलेला जोड पाळी संपल्यावर टोपलीत टाकावा. जोड तयार नसेल तर कपाटातला घ्यावा आणि वहीत तसे लिहावे, म्हणजे धुलाई कुठे अडते ते कळेल. दाढी ठेवायची असेल तर ती कापून नीट केलेली असावी. स्वयंपाकघरात तिच्यावर जाळी घालावी, कारण केस अन्नात पडतात. स्वयंपाक करताना अंगठी, घड्याळ आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. त्यांच्यासाठी कुलूप असलेला कप्पा दिला आहे. मंगळसूत्र, माळ सदऱ्याच्या आत असावी. सणासाठी, व्रतासाठी किंवा घरच्या प्रसंगासाठी काही वेगळे करायचे असेल तर दोन दिवस आधी सांगावे.” मजकूर लांबला आहे, पण त्यात हॉटेलने स्वतःवर घेतलेल्या गोष्टी कर्मचाऱ्यावर टाकलेल्या गोष्टींइतक्याच आहेत, आणि चूक कुठे होते हे कळायची सोयही आहे. ‘वहीत तसे लिहावे’ हे वाक्य तर महिन्याच्या शेवटी व्यवस्थापकाच्याच कामी येते: वहीत एकाच नावाची नोंद असेल तर त्या माणसाशी बोलायचे, आठ नावे असतील तर शिंप्याकडे जायचे.

हा मजकूर वाचून दाखवावा लागतो. काही जणांचे वाचन कच्चे असते, काहींना पुस्तकी मराठीपेक्षा बोली जवळची. मे महिन्याच्या मध्यात, काजव्यांची गर्दी सुरू होण्याआधी, सगळ्यांना बसवून तो तासाभरात समजावता येतो, आणि त्याच बैठकीत मापेही घेता येतात. हंगामापुरती आठ-दहा दिवसांसाठी घेतलेली मुले यात सुटतात. त्यांच्यासाठी पूर्ण गणवेश शिवणे परवडत नाही, म्हणून वरून घालायचा, कमरेला बांधायचा, सगळ्या मापांना चालणारा एकाच रंगाचा एप्रन, टोपी आणि नावाची पट्टी एवढे पुरे. अन्न हाताळणारी असतील तर नखे, हात, केस आणि वैद्यकीय तपासणीचे नियम त्यांनाही तंतोतंत लागू होतात. एप्रन मात्र प्रत्येकी दोन तरी हवेत, कारण काजव्यांच्या रात्री जेवणे दोन-तीन पंगतींत होतात आणि पहिल्या पंगतीतच एप्रन रश्श्याने माखतो.